पहिली सर्व्हिस बॉक्समध्ये: टॉस, ट्रॉफी पोझिशन आणि मनगट यांच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

प्रकल्प एकाच गोष्टीचा आहे: टेनिसमधली काकांची पहिली सर्व्हिस. काका पन्नाशीच्या पुढचे, उजव्या हाताने खेळणारे, उंची 170 सेमी. आठवड्यातून दोन-तीनदा डबल्स खेळतात. व्हॉली उत्तम, रिटर्न विश्वासाचा, पण पहिली सर्व्हिस बॉक्समध्ये पडेलच याची खात्री नाही. मग दुसरी सर्व्हिस ते नुसती ढकलतात आणि समोरचा पुढे येऊन तिच्यावर तुटून पडतो.

त्यांचं स्वतःचं निदान ठरलेलं आहे. "मनगट कमी पडतंय रे. वरून खाली झटका बसत नाही, म्हणून चेंडू नेटला जातो." मी म्हटलं, "काका, आधी मोजू या, मग मनगटाकडे येऊ."

आज शरीर तापल्यावर 40 पहिल्या सर्व्हिस मारायला लावल्या, नेहमीच्या वेगाने, अर्ध्या उजव्या बाजूने आणि अर्ध्या डाव्या. 17 आत पडल्या. उरलेल्या 23 पैकी 16 नेटमध्ये, 5 लांब, 2 बाजूला. नुसती टक्केवारी लिहून ठेवली असती तर यातलं काहीच कळलं नसतं. चूक कुठल्या बाजूला झुकली आहे हे टक्केवारीपेक्षा जास्त बोलतं. इथे ती सरळसरळ नेटकडे झुकली आहे.

फोन दोन ठिकाणांहून लावला. एकदा बेसलाइनच्या रेषेत, काकांच्या उजव्या हाताला, म्हणजे चेंडू किती पुढे-मागे आणि किती उंचीवर लागतो ते दिसतं. एकदा बरोबर मागून, म्हणजे टॉस डावी-उजवीकडे किती सरकतो ते दिसतं. चित्रण सेकंदाला 240 फ्रेमचं. साध्या 30 फ्रेमच्या चित्रणात दोन फ्रेममध्ये रॅकेट इतकी पुढे निघून जाते की चेंडू लागतानाचा क्षण बहुतेक वेळा सापडतच नाही.

9 जानेवारी

काकांच्या "वरून खाली" या कल्पनेचा हिशोब मांडून बघितला, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते असा मला दाट संशय होता.

नेट मध्यभागी 91.4 सेमी उंच असतं. बेसलाइनपासून नेट 11.89 मीटर आणि नेटपासून सर्व्हिस लाइन 6.40 मीटर. पाय रोवून मारणाऱ्या 170 सेमी उंचीच्या माणसाची रॅकेट चेंडूला साधारण 2.55 मीटरवर लागते. आता या बिंदूपासून सर्व्हिस लाइनपर्यंत सरळ दोरी ताणली, तर नेटपाशी ती जमिनीपासून किती उंचीवर असेल? सुमारे 89 सेमी. म्हणजे नेटच्या पट्टीच्याही खालून. काकांना बेसलाइनवरून बॉक्स नेटच्या जाळीतूनच दिसतो. नजरेच्या रेषेत चेंडू खाली हाणला तर तो नेटमध्येच जाणार.

चेंडू आत पडतो तो गुरुत्वाकर्षणामुळे आणि असलाच तर टॉपस्पिनमुळे. हवेचा रोध आणि फिरकी बाजूला ठेवून आकडेमोड केली. ताशी 120 किमी वेगाच्या सर्व्हिसला नेट चुकवून सर्व्हिस लाइनच्या आत पडायला जेमतेम दीड अंशाची खिडकी मिळते. 140 ला ती सुमारे एक अंशावर येते, 100 ला दोन अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात हवा चेंडूला थोडं रोखते, त्यामुळे खिडकी याहून जरा मोठी असते, पण प्रमाण हेच. आणि चेंडू 15 सेमी खाली लागला, म्हणजे 2.40 मीटरवर, तर 120 च्या वेगाला खिडकीचा जवळजवळ पाचवा हिस्सा बंद होतो.

हे काकांना कागदावर काढून दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे वर मारायचं म्हणतोस?" हो. रॅकेट चेंडूकडे खालून वर जात असताना लागली पाहिजे. चेंडू खाली आणायचं काम आपलं नाही.

13 जानेवारी

टॉस. रॅकेट बाजूला ठेवून फक्त चेंडू उडवायचा आणि खाली पडू द्यायचा. जिथे पडेल तिथे मी खडूने खूण करत होतो.

खुणा पाहून काका स्वतःच गप्प झाले. काही बेसलाइनच्या आत चांगल्या मीटरभर, काही रेषेच्या मागे, काही डाव्या खांद्यापलीकडे. म्हणजे प्रत्येक सर्व्हिसला त्यांचं अंग वेगळ्या चेंडूच्या मागे धावत होतं. असं असताना स्विंग एकसारखा होणार कुठून?

कारण व्हिडिओत स्पष्ट दिसलं. चेंडू तळहातात खोल मुठीत, कोपर वाकलेलं, आणि शेवटच्या क्षणी डाव्या मनगटाने उडवणं. हात सोडतानाच्या कोनात नुसता पाच अंशांचा फरक पडला, तर चेंडू लागण्याच्या जागेपर्यंत तो 33 सेमी सरकतो. रॅकेटच्या जाळीची लांबीच जेमतेम तेवढी असते.

बदल असा केला. चेंडू बोटांच्या पुढच्या पेरांवर धरायचा, अंगठ्याने हलका आधार. कोपर सरळ. हात खांद्यातून उचलायचा, आणि मांडीपासून सुरुवात करून सरळ समोर नेटकडे नाही तर उजव्या नेटपोस्टच्या दिशेने, तिरका. आपण आडवे उभे असतो, त्यामुळे हात सरळ नेटकडे उचलला की चेंडू डोक्यावरून डावीकडे येतो. चेंडू डोळ्यांच्या उंचीवर आला की बोटं उघडायची, आणि बोटं उघडल्यावरही हात वर जातच राहू द्यायचा. बहुतेकांचा हात तिथेच थांबतो आणि चेंडू मागे वळतो.

पाहिजे ती जागा: सपाट पहिल्या सर्व्हिससाठी, उजव्या हाताच्या खेळाडूला, डोक्यावर घड्याळ कल्पून साधारण एकच्या काट्यावर आणि बेसलाइनच्या 30 सेमी आत. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी लागते. जमिनीवरची खूण म्हणजे चेंडू लागण्याची जागा नव्हे. चेंडू खाली येईपर्यंत पुढे सरकतच असतो. हात बेसलाइनच्या वर असताना सोडलेला चेंडू जमिनीवर 50 सेमी आत पडला, तर रॅकेट लागण्याच्या उंचीवर तो 30 सेमीच्या आसपासच होता. म्हणून खडूचा गोल मी 50 सेमीवर काढला, 30 वर नाही. जमिनीवर रॅकेट ठेवून "तिच्यावर पाड" असं सांगतात, तिथे ही वजाबाकी सहसा कुणी करत नाही आणि खेळाडू चेंडू डोक्यावरच ठेवायला शिकतो.

17 जानेवारी

टॉसची उंची. काकांचा टॉस फार उंच आहे. व्हिडिओत रॅकेटची लांबी, 68.5 सेमी, हीच फूटपट्टी धरून मोजलं. चेंडू लागण्याच्या जागेच्या जवळजवळ मीटरभर वर जातो आणि मग खाली पडतो.

याचे दोन तोटे आहेत. मीटरभर खाली आलेला चेंडू रॅकेटपाशी सेकंदाला साडेचार मीटरच्या जवळपास वेगाने येत असतो. स्विंग एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उशिरा आला, तर तेवढ्यात चेंडू 9 सेमी खाली गेलेला असतो. तोच टॉस फक्त 30 सेमी वर गेला असता तर तेवढ्याच उशिराने 5 सेमीचा फरक पडला असता. दुसरा तोटा दिशेचा. उंच टॉस हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून त्याच पाच अंशांच्या चुकीने तो 33 ऐवजी 58 सेमी भरकटतो.

मग टॉस अगदी ठेंगणा करावा का? नाही. काकांचा स्विंग संथ आहे, रॅकेट मागे नेऊन वर आणायला त्यांना वेळ लागतो. टॉस एकदम कमी केला की ते घाई करतात आणि पुढची पायरी, ट्रॉफी पोझिशन, पूर्णच होत नाही. तडजोड म्हणून 40 ते 45 सेमी ठरवलं. कुंपणाच्या खांबावर रॅकेट वर ताणून जिथे पोचते तिथे एक चिकटपट्टी आणि तिच्या वर दुसरी लावली. चेंडू दुसऱ्या पट्टीपर्यंत गेला पाहिजे, पलीकडे नाही. काका हे घरीही भिंतीशेजारी करणार आहेत. टॉस हे रॅकेटशिवाय, कोर्टशिवाय सुधारता येणारं सर्व्हिसमधलं एकमेव अंग आहे आणि तरीही लोक त्याचाच सराव करत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

21 जानेवारी

वारा होता. सराव थोडक्यात. वाऱ्यात उंच टॉस आणखी भरकटतो, कमी उंचीचा तग धरतो. काकांना आजच त्याची खात्री पटली.

28 जानेवारी

टॉसच्या खुणा आता रॅकेटच्या तोंडाएवढ्या वर्तुळात येऊ लागल्या आहेत, दोन-चार चुकार सोडून. तरीही नेटमध्ये जाणारे चेंडू फारसे कमी झालेले नाहीत. म्हणून बाजूचं चित्रण एकेक फ्रेम पुढे नेत पाहिलं.

ट्रॉफी पोझिशन म्हणजे चषकावरच्या पुतळ्यासारखी ती स्थिती: डावा हात आकाशाकडे सरळ, उजवं कोपर खांद्यांच्या रेषेत आणि काटकोनाच्या आसपास वाकलेलं, रॅकेट डोक्यामागे उभी, गुडघे मोडलेले, कंबर किंचित कोर्टाकडे सरकलेली, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा बराच वर. चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना शरीर साधारण इथे असायला हवं.

काकांची पोझिशन दिसायला वाईट नाही. अडचण पुढच्या क्षणी आहे. उजव्या हातातली रॅकेट अजून पाठीमागे पडायची असते, आणि त्यांचा डावा हात तोवर कमरेपर्यंत खाली आलेला असतो. डावा हात पडला की डावा खांदा पडतो. खांदा पडला की छाती पुढे झुकते, हनुवटी खाली जाते, नजर बॉक्सकडे वळते. चेंडू लागण्याची उंची मोजली: 2.40 मीटरच्या आतबाहेर. टॉस नीट असूनही 15 सेमी हातचे गेले होते. 9 तारखेला काढलेल्या हिशोबातला पाचवा हिस्सा तो हाच.

नेटमध्ये जाणाऱ्या चेंडूचं मूळ त्यांच्या बाबतीत उजव्या मनगटात नव्हतं, डाव्या हातात होतं. हे ओळखायला व्हिडिओ लागतोच असं नाही. सर्व्हिस मारल्यावर स्वतःला विचारायचं: चेंडू रॅकेटला लागताना मी पाहिला का? "नाही, आवाज ऐकला," असं उत्तर आलं तर हनुवटी आधीच खाली गेलेली असते.

31 जानेवारी

डाव्या हातासाठी सूचना बदलून पाहिल्या. "हात वर ठेवा" म्हटलं की काका तो लाकडासारखा ताठ धरतात आणि छाती वळायलाच तयार होत नाही. "डाव्या हाताच्या बोटांनी चेंडूकडे दाखवा, आणि खाली आणायचा तेव्हा पोटाशी आवळून घ्या" हे चाललं. हात बाजूला सोडून न देता पोटाशी घेतला की छाती वळून समोर येते आणि मग थांबते, आणि उजवा हात तिथून पुढे सुटतो.

दुसरा सराव: ट्रॉफी पोझिशनमध्ये उभं राहून, फक्त डाव्या हाताने टॉस करून मारणं. रॅकेट आधीच जागेवर असल्याने एकच काम उरतं. हा सराव पहिल्या पंधरा-वीस चेंडूंपुरताच ठेवला. जास्त केला तर शरीर तिथे थांबायची सवय लावून घेतं, आणि पायांतून वर येणारा जोर तिथेच जिरून जातो. गुडघे मोडल्यावर थांबा घेतला की तो जोर फुकट. म्हणून लगेच पूर्ण हालचालीवर यायचं, फक्त लय मोजत: हात एकत्र खाली, एकत्र वर, मग मारा.

काकांचे गुडघे फार मोडत नाहीत आणि मी आग्रहही धरत नाही. त्यांच्या वयाला आणि पहिल्या सर्व्हिसच्या या कामाला गुडघ्यांपेक्षा खांद्यांचा तिरपेपणा जास्त फायद्याचा आहे.

8 फेब्रुवारी

आता मनगट. काका महिनाभर याचीच वाट बघत होते.

आधी पकड. काका फोरहँडच्याच पकडीने सर्व्हिस करतात. त्या पकडीत रॅकेटचं तोंड पाठीमागून येतानाच उघडं, आकाशाकडे असतं, आणि सरळ पुढे ढकललं जातं. मग चेंडू खाली आणायला मनगट पुढे मोडण्यावाचून उपाय राहत नाही. झटक्याची त्यांची भूक इथूनच आली आहे. कॉन्टिनेंटल पकड दिली, म्हणजे रॅकेट उभ्या कडेने धरायची. पहिले चेंडू सगळे डावीकडे गेले. तसं होणारच, आणि ते चांगलं लक्षण आहे: पकड बदलली, पण हात अजून वळत नाही.

आपण ज्याला झटका म्हणतो ती खरं तर दोन-तीन हालचालींची साखळी असते. रॅकेट कडेने वर येते, आणि चेंडू लागण्याच्या अगदी आधी दंड खांद्यात आतल्या बाजूला फिरतो, त्याबरोबर कोपराखालचा हात फिरतो, ज्याला प्रोनेशन म्हणतात, आणि मागे पडलेलं मनगट सरळ होतं. जोरदार सर्व्हिसवरच्या अभ्यासांत रॅकेटच्या वेगातला सगळ्यात मोठा वाटा दंडाच्या या आतल्या फिरण्याचा दिसतो आणि मनगटाचा वाटाही मोठा आहे. म्हणजे मनगट काम करतं हे काकांचं म्हणणं खरं आहे. पण ते चेंडू लागेपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत येतं. चेंडूच्या पलीकडे खाली मोडतं ते नंतर, आपोआप. ते मुद्दाम आधी मोडलं की रॅकेटचं तोंड खाली बघतं, आणि ज्या खिडकीत आपल्याला जेमतेम दीड अंश मिळाला आहे तिच्यात हे परवडत नाही.

शिवाय जबरदस्तीने मनगट मोडत राहिलं की कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. काकांना मागच्या वर्षी ते झालं होतं. तिथे दुखलं की त्या दिवशी सर्व्हिस बंद, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.

12 फेब्रुवारी

कुंपणाशी सराव. कुंपणाकडे तोंड करून हातभर अंतरावर उभं राहायचं, रॅकेट डोक्यावर ताणून तिची कड जाळीला टेकवायची. आता हात न ढकलता फक्त फिरवायचा, म्हणजे कडेऐवजी रॅकेटचं पूर्ण तोंड जाळीला लागतं. अंगठा सुरुवातीला मागे असतो, शेवटी डावीकडे वळलेला. पाच-सहा वेळा हळू, मग जरा जलद. काकांना पहिल्यांदाच कळलं की यात मनगट मोडावंच लागत नाही.

मग सर्व्हिस लाइनवरून हाच प्रकार चेंडूवर, निम्म्या जोराने, आणि मूठ सैल. दहापैकी तीन-चार इतक्याच जोराने धरायची. पकड आवळली की मनगट आणि दंड दोन्ही गोठतात. खूण म्हणजे मारल्यानंतरचा क्षण: हात अजून वर असताना रॅकेटचं मागचं तोंड आपल्याला दिसलं पाहिजे आणि तळहात उजवीकडे वळलेला असला पाहिजे. तळहात अजून जमिनीकडे बघत असेल तर हात फिरलेला नाही, नुसता मोडला आहे.

त्यानंतर बेसलाइनवरून एक उलटा सराव. पहिले काही चेंडू बॉक्समध्ये मारायचेच नाहीत, समोरच्या बेसलाइनच्या मागे, थेट पलीकडच्या कुंपणावर मारायचे. "खाली" हा शब्द शरीरातून निघून जायला याच्यासारखं दुसरं काही नाही. चेंडू लांब जायला लागल्यावर, हालचाल तीच ठेवून, लक्ष्य थोडं थोडं जवळ आणायचं.

22 फेब्रुवारी

सामन्यात एक दोष परत आला. दडपण आलं की काकांचा टॉस पुन्हा पुढे पळतो आणि ते त्याच्या मागे झेपावतात. आज त्यांना सांगितलं की नियमांप्रमाणे टॉस केल्यावर चेंडू मारायचा प्रयत्न न करता हातात झेलला किंवा खाली पडू दिला तर फॉल्ट होत नाही. रॅकेट फिरवली आणि चेंडू चुकला, तर मात्र फॉल्ट. काका म्हणाले, "समोरचे लोक वैतागतील ना रे." वैतागले तरी चालेल, फक्त माफ करा म्हणायचं आणि पुन्हा टाकायचा. वाईट टॉसवर मारलेली सर्व्हिस निम्म्या वेळा तरी फुकट जाते, आणि आत गेली तरी ती एक वेगळाच, चुकीचा स्विंग शरीराला शिकवून जाते.

दुपारनंतरच्या सेटमध्ये त्यांनी दोन-तीनदा चेंडू झेलला. कुणीही वैतागलं नाही.

8 मार्च

पुन्हा 40 सर्व्हिस, पहिल्या दिवसासारख्याच. 25 आत. चुकलेल्या 15 पैकी 5 नेटमध्ये, 8 लांब, 2 बाजूला. 40 चेंडूंमध्ये तीन-चार चेंडूंचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, त्यामुळे 25 हा आकडा मी फार घट्ट धरत नाही. पण 16 नेटमध्ये जात होते ते 5 वर आले, हा फरक योगायोगाचा नाही. व्हिडिओत चेंडू लागण्याची उंची 2.50 मीटरच्या वर आहे.

आता चुका लांबीकडे झुकल्या आहेत आणि मला ते हवंच होतं. लांब जाणारा चेंडू फिरकीने आत आणता येतो. नेटमध्ये अडकलेल्या चेंडूला फिरकीचा काही उपयोग नाही. काकांचा टॉस एकच्या काट्यावरून किंचित बाराकडे घेऊन, रॅकेट चेंडूच्या मागून खालून वर घासत नेली तर थोडा टॉपस्पिन मिळेल. पण टॉस डावीकडे नेला की पाठीवर ताण येतो, तेव्हा चेंडूच्या व्यासाएवढाच, साडेसहा सेमी, सरकवायचा असं ठरलं. खडूचा नवा गोल काढून ठेवला आहे. जुना पुसलेला नाही, कारण सपाट सर्व्हिस तिथूनच मारायची आहे.